जुना नंबर बंद, ओटीपी येईना, तरी सबस्क्रिप्शन थांबवलं (माझा अनुभव)

बाबांचं सिम बंद पडलं म्हणून राजारामपुरीतनं नवीन नंबर घेतला, बँकेत जाऊन तो बदलूनपण आलो, पण व्हिडिओ ॲपचं लॉगिन जुन्याच नंबरवर राहिलं आणि कॅन्सल करायला गेलं की ओटीपी तिकडंच जाणार. ॲप डिलीट करून काय उपयोग नसतो, पैसे कार्डावरनं कापतच राहतात.

मग बँकेचा मेसेज नीट वाचला, "२९९ रुपये ई-मँडेटने कापले जातील". ई-मँडेट म्हणजे कार्डावरनं दरवेळी आपोआप पैसे कापायला आपण दिलेली परवानगी. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी बँकेनं आपल्याला असं कळवायलाच लागतं, आणि तो मेसेज येतो बँकेतल्या नंबरवर, म्हणजे आपल्या नव्या! लगेच नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या भागात ई-मँडेटची यादी उघडली, त्या ॲपचं नाव शोधून कॅन्सल दाबलं, ओटीपी नव्या नंबरवर आला, झालं. स्टेटस कॅन्सल्ड दिसतंय का बघा, स्क्रीनशॉट ठेवा.

पण यानं फक्त पैसे थांबतात, अकाउंट तसंच राहतं. म्हणून कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि पेमेंटची तारीख देऊन कंपनीला ईमेल केला, कारण बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो आणि मग ओटीपी त्याच्याकडं जाणार.