ग्रंथालयाचं एनर्जी ऑडिट: वर्षाच्या युनिटचा हिशेब मीटरशी कसा जुळवावा

कॉलेजच्या ग्रंथालयाचा ऊर्जा लेखापरीक्षण अहवाल करताना बरेच विद्यार्थी दिवे-पंखे मोजतात, वॅटने गुणतात आणि आलेला आकडा अहवालात लिहून मोकळे होतात. तो आकडा मीटरशी ताडून पाहिलेला नसेल तर अहवालातल्या शिफारशींना आधार उरत नाही. म्हणून इथे मोजणीबरोबर पडताळणीही एका नमुना ग्रंथालयावर करून दाखवतो. हे ग्रंथालय वर्षाला २८० दिवस चालतं आणि त्याला स्वतंत्र सब-मीटर आहे, असं धरू.

आधी वॅट नीट धरा

यादी विभागवार करा: वाचनकक्ष, स्टॅक रूम, संगणक विभाग. बंद पडलेल्या ट्यूब वेगळ्या नोंदवा, त्या भारात धरू नका.

वॅट लिहिताना दोन चुका हमखास होतात. जुन्या ट्यूबवर ३६ वॅट छापलेलं असतं, पण तिचा तांब्याचा चोक आणखी बारा-चौदा वॅट खातो, म्हणून ५० धरा. संगणकाचं उलटं आहे. एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असलं तरी ती त्याची कमाल क्षमता असते. साधं कामकाज करणारा डेस्कटॉप मॉनिटरसकट ८० वॅटच्या आसपास घेतो. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर प्रयोगशाळेत मिळालं तर एका संगणकावर लावून खात्री करा.

मग तास

ग्रंथालयाची वेळ म्हणजे दिव्याची वेळ नव्हे. सकाळी दिवे लावणाऱ्या आणि रात्री कुलूप घालणाऱ्या परिचरांना विचारा, कोणतं बटण कधी दाबलं जातं ते त्यांनाच नेमकं माहीत असतं. पंख्यांचे दिवस थंडी वगळून धरा.

वर्षाचे युनिट = नग × वॅट × तास × दिवस ÷ १०००

| भार | नग × वॅट | तास | दिवस | युनिट |
|---|---|---|---|---|
| वाचनकक्ष ट्यूब | ३० × ५० | ११ | २८० | ४६२० |
| स्टॅक ट्यूब | २४ × ५० | ८ | २८० | २६८८ |
| पंखे | २४ × ७० | ९ | २२० | ३३२६ |
| संगणक | १० × ८० | ८ | २८० | १७९२ |
| सीसीटीव्ही, नेटवर्क | १०० (एकूण) | २४ | ३६५ | ८७६ |
| एसी, दीड टन | १ × ९६० | ६ | १५० | ८६४ |

एसी चालू असताना १६०० वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर मध्येमध्ये थांबतो, म्हणून ६० टक्के धरले. कोपऱ्यातला शंभर वॅटचा सीसीटीव्ही संच वर्षभरात एसीपेक्षा जास्त युनिट घेतो, हे मला या तक्त्यातलं सर्वांत बोलकं वाटतं. बेरीज १४,१६६.

आता मीटर

सोमवारी सकाळी रीडिंग घ्या, पुढच्या सोमवारी त्याच वेळी पुन्हा घ्या. पंखे आणि एसी दोन्ही चालू असलेल्या सहा कामकाजी दिवसांच्या आठवड्यात वरच्या हिशेबाने ३३७ युनिट व्हायला हवेत. समजा मीटरने २८४ दाखवले. हे ५३ युनिट कुठे गेले?

इथे टक्केवारी लावून आकडे जुळवण्याचा मोह आवरा आणि दर दोन तासांनी फेरी मारून चालू दिवे-पंखे मोजा. समजा, स्टॅकमध्ये एका वेळी निम्म्याच रांगा उजळलेल्या दिसल्या आणि पंखे चारांपैकी तीनच फिरत होते. स्टॅकचे २९ आणि पंख्यांचे २३ वजा केले की ३३७ चे २८५ होतात. फरक एका युनिटवर आला. हीच प्रमाणं वर्षाला लावली की बेरीज १२,००० च्या जवळ येते.

एखाद्या भाराच्या वॅटबद्दल शंका असेल तर मीटरचा लुकलुकणारा दिवा मोजा. मीटरवर `3200 imp/kWh` छापलं असेल तर ३२०० लुकलुकींचा एक युनिट. वाचनकक्षाच्या सगळ्या ट्यूब लावण्याआधी आणि लावल्यानंतर एकेक मिनिट मोजा, मधे दुसरं काही चालू-बंद होऊ देऊ नका. ८० चा फरक आला तर १५०० वॅट बरोबर. ५८ च्या आसपास आला, तर चोक इलेक्ट्रॉनिक आहेत आणि ट्यूबमागे ३६ वॅटच धरायला हवेत.

शिफारस एका नगावर काढा

इथेही फेरीत दिसलेली प्रमाणं धरा, म्हणजे स्टॅकचे निम्मे दिवे आणि चारांपैकी तीन पंखे. ५० वॅटच्या जागी २० वॅटची एलईडी बसवली तर वाचनकक्षातली एक ट्यूब वर्षाला ९२ युनिट वाचवते, स्टॅकमधली फक्त ३४. तीच ट्यूब, त्याच किमतीची, पण वाचनकक्षात पैसे जवळजवळ तिपटीने लवकर वसूल होतात. त्यामुळे 'सर्व ट्यूब बदलाव्यात' असं न लिहिता आधी वाचनकक्ष लिहा. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा वर्षाला ५९ युनिट वाचवतो, पण त्याची किंमत ट्यूबच्या कितीतरी पट असते. म्हणून त्याची शिफारस जुना पंखा जळेल तेव्हासाठी ठेवा.

पडताळणी एकाच आठवड्याची असल्याने अहवालात तिचा महिना नोंदवा. परीक्षेच्या काळात वाचनकक्ष उशिरापर्यंत चालतो आणि एसीचे तासही बदलतात, तेव्हा असाच आणखी एक आठवडा मोजून तो आकडा शेजारी द्या.