प्रतिस्पर्ध्यांच्या दरांचा तक्ता करताय? या चुका टाळा

कोल्हापुरात बिलिंग सॉफ्टवेअर विकणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीत मार्केटिंग इंटर्न म्हणून लागलात, की पहिल्याच आठवड्यात हे काम अंगावर येतं: "बाजारात कोण काय भावानं देतंय, त्याचा तक्ता करून दे." संध्याकाळपर्यंत तक्ता तयारही होतो. पण दुसऱ्या दिवशी विक्रीवाला तो घेऊन लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यासमोर बसतो आणि तिसऱ्या मिनिटाला व्यापारीच म्हणतो, "अहो, त्यांचा दर असा नाही." बहुतेक वेळा चूक दराच्या रकान्यात असते.

वेबसाइटवर ठळक छापलेला आकडा जसाच्या तसा उचलणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एक नमुना घेऊ, आकडे समजण्यापुरते. 'अ' कंपनी लिहिते ४९९ रुपये. 'ब' कंपनी लिहिते ९,८०० रुपये, शेजारी १४,००० वर काट मारलेली. तक्त्यात दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर 'अ' फुकटात वाटतं. आता बारीक अक्षरं वाचा. 'अ'चे ४९९ हे दरमहा, दर युजरमागे आहेत आणि पैसे वर्षाचे एकदम भरायचे आहेत. 'ब'चे ९,८०० पूर्ण वर्षाचे आहेत, पाच युजरपर्यंत चालतात, पण सवलत पहिल्याच वर्षी. शिवाय जुना डेटा भरून देण्याचे ५,००० वेगळे.

म्हणून दर लिहिण्याआधी गिऱ्हाईक ठरवा. समजा, धान्याचा होलसेल व्यापारी, तीन कॉम्प्युटर, दोन वर्षांचा वापर. 'अ'चे वर्षाला ४९९ × ३ × १२ म्हणजे १७,९६४ आणि दोन वर्षांचे ३५,९२८. 'ब'चे पहिल्या वर्षी ९,८०० आणि ५,००० मिळून १४,८००, दुसऱ्या वर्षी १४,०००, एकूण २८,८००. स्वस्त दिसणारं 'अ' इथं सात हजारांनी महाग पडतं. हाच हिशोब एकट्यानं दुकान चालवणाऱ्यासाठी केला, की 'अ'चे दोन वर्षांचे ११,९७६ होतात आणि 'ब'चे तेच २८,८०० राहतात. पारडं पूर्ण फिरतं. त्यामुळे तक्त्यात "दर" असा एकच रकाना न ठेवता छोटं दुकान आणि होलसेल पेढी असे दोन ठेवा. विक्रीवाल्याला नेमकं हेच हवं असतं.

जीएसटीचा घोळही इथंच होतो. कुणी दर करासह लिहितं, कुणी वगळून. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून अनेक मुलं करासहित रकमेतून सरळ १८ टक्के वजा करतात. ते चुकीचं आहे, कारण कर मूळ रकमेवर लागलेला असतो. ११,८०० मधून १८ टक्के वजा केले तर ९,६७६ येतात, खरा मूळ दर मात्र १०,००० आहे. करासहित रक्कम B2 मध्ये असेल, तर असा भागाकार करा:

```
=B2/1.18
```

सवलतीचा आकडा दिसला, की ती खरंच तात्पुरती आहे का ते बघा. web.archive.org वर त्या पानाच्या जुन्या प्रती अनेकदा सापडतात. वर्षभर तीच "मर्यादित काळाची" ऑफर दिसली, तर तोच खरा दर समजायला हरकत नाही. नूतनीकरणाला तो टिकतो का, हे मात्र वेगळं तपासावं लागतं.

वैशिष्ट्यांच्या बाजूला बरोबरच्या खुणा भरत सुटणं ही दुसरी मोठी चूक. "ई-वे बिल: आहे" याला अर्थ नाही. एका सॉफ्टवेअरमधून बिल थेट तयार होतं, दुसऱ्यातून फक्त JSON फाइल मिळते आणि ती पोर्टलवर स्वतः चढवावी लागते. रोज वीस गाड्या सोडणाऱ्याला या दोन्हींत किती फरक आहे, सांगायला नको. "मराठी"चंही तसंच: स्क्रीन मराठीत आहे, की फक्त छापील बिल? म्हणून खुणेऐवजी चार शब्द लिहा आणि ती सोय कोणत्या प्लॅनमध्ये मिळते तेही लिहा. शक्य असेल तिथं ट्रायल घेऊन एक बिल काढून बघा.

पानावर उल्लेख दिसला नाही म्हणून "नाही" लिहू नका. "माहिती मिळाली नाही" हे तिसरं उत्तर आहे. मदतीची पानं वाचल्यावर त्यातली बरीच कोडी सुटतात. व्यापारी असल्याची बतावणी करून समोरच्या कंपनीला फोन लावू नका. माहिती खोट्या नावानं मिळवलेली निघाली, तर नाव तुमच्या कंपनीचं खराब होतं.

प्रत्येक आकड्यासमोर लिंक आणि पाहिल्याची तारीख हवी, स्क्रीनशॉट वेगळ्या फोल्डरमध्ये. दर न सांगता बदलतात, मग भांडण तक्त्यावर येतं.

आणि एक रकाना हमखास राहून जातो: वही आणि एक्सेल. लक्ष्मीपुरीतल्या कितीतरी पेढ्यांवर तुमची खरी स्पर्धा त्यांच्याशीच आहे. त्यांचा दर जवळजवळ शून्य लिहा, पण जीएसटी रिटर्नच्या वेळी तीच बिलं पुन्हा टाइप करायला किती तास जातात, हे दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारून त्याच ओळीत भरा.