बेडरूमसाठी किती टनाचा एसी? फक्त चौरस फूट मोजणाऱ्यांनी या चुका टाळा

मार्च उजाडला की सांगलीच्या दुकानांतून एकच संवाद ऐकू येतो. विक्रेता विचारतो, ‘खोली किती बाय किती?’ गिऱ्हाईक सांगते, ‘दहा बाय बारा,’ आणि पुढच्या मिनिटाला एक टनाच्या यंत्राची पावती फाटते. खोली कोणत्या मजल्यावर आहे, वर दुसरा मजला आहे की उघडी गच्ची, खिडकी कोणत्या दिशेला उघडते, यांपैकी काहीही विचारले जात नाही आणि घाईत असलेले गिऱ्हाईक ते आपणहून सांगतही नाही. एकशेवीस चौरस फुटांपर्यंत एक टन, दीडशे ते एकशेऐंशी चौरस फुटांना दीड टन हा दुकानातला तक्ता खोटा नाही. मात्र तो सावलीतल्या, वर मजला असलेल्या आणि नऊ-दहा फूट उंचीच्या खोलीसाठी आहे, ही अट त्यावर कोणी छापत नाही.

टन हे खोलीचे माप नव्हे, तर यंत्र दर तासाला खोलीतून किती उष्णता बाहेर फेकू शकते, याचे माप आहे. एक टन म्हणजे साधारण 3,500 वॅट. त्यामुळे खोलीत किती उष्णता शिरते, हा खरा प्रश्न आहे आणि चौरस फुटांवरून त्याचे उत्तर अर्धवटच मिळते.

यातली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डोक्यावरचा स्लॅब विसरणे. विश्रामबागेतल्या एका दुमजली बंगल्यात दोन भाऊ राहतात, धाकटे तळमजल्यावर आणि थोरले वरच्या मजल्यावर. दोघांच्या बेडरूम एकावर एक, दोन्ही दहा बाय बारा. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे एक टनाचे इन्व्हर्टर एसी घेतले. एप्रिलमध्ये धाकट्यांकडे मध्यरात्री पांघरूण लागत होते आणि थोरल्यांकडे रात्री अकरा वाजताही आकडा 29 च्या खाली उतरत नव्हता. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ‘गॅस कमी आहे’ असे सांगून गॅस भरला, आणि आठवड्याभरात तक्रार पुन्हा आल्यावर पुन्हा भरला. मी गेलो तेव्हा थोरले तिसऱ्यांदा भरून घेण्याच्या तयारीत होते. ‘दादा, आधी जरा छताला हात लावून बघू,’ असे म्हणून मी स्टुलावर चढलो. सूर्य मावळून दोन तास उलटून गेले होते, तरी छताचा गिलावा चटका वाटावा इतका तापलेला होता.

त्यानंतर साधा थर्मामीटर घेऊन आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान पाहिले. फरक अकरा अंशांचा निघाला. खोली तापलेली असताना यंत्र पूर्ण जोरात चालू असेल आणि हा फरक दहा-बारा अंशांचा असेल, तर यंत्र आपले काम नीट करते आहे असे समजावे. गॅस खरोखर कमी असेल तर हा फरक घटतो आणि बऱ्याचदा आउटडोअर युनिटजवळच्या बारीक नळीवर किंवा आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. शिवाय गॅस हा पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो गळतो तेव्हाच कमी होतो, आणि गळती न शोधता तो भरणे म्हणजे पैसे गच्चीवर उधळणे होय. थोरल्यांच्या यंत्राचे आणखी एक लक्षण बोलके होते. पहाटे चारनंतर तीच खोली आपोआप गार होत असे. आजारी यंत्र पहाटे बरे होत नाही. पहाटेपर्यंत स्लॅबच निवलेला असतो.

या दोन खोल्यांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. आकडे ढोबळ आहेत, पण निर्णयाला पुरेसे आहेत. वरच्या खोलीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी उघड्या स्लॅबमधून सुमारे 1,000 वॅट उष्णता खाली येते. पश्चिमेच्या नऊ इंची विटांच्या भिंतीतून 300, आणि चार बाय चार फुटांच्या, आतून पातळ पडदा लावलेल्या पश्चिमेच्या खिडकीतून 500. दोन माणसांचे 250, पंखा आणि दिवा मिळून 100, दाराच्या फटींतून येणाऱ्या गरम हवेचे 150. बेरीज 2,300 वॅट होते. खालच्या खोलीला डोक्यावर थोरल्यांची खोली आहे आणि पश्चिमेला शेजारच्या इमारतीची सावली. तिथे स्लॅबचे शून्य, भिंतीचे आणि खिडकीचे मिळून 200 आणि बाकीचे तेवढेच धरले, तर बेरीज जेमतेम 700 भरते. क्षेत्रफळ तेच असताना भार तिपटीहून अधिक!

यावर चाणाक्ष वाचक विचारील की, एक टन म्हणजे 3,500 वॅट असेल तर 2,300 चा भार त्याला का झेपू नये? याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, ‘एक टन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राची क्षमता 3,500 नसते. थोरल्यांच्या स्टार लेबलवर 3,400 वॅट लिहिलेले होते. तोही आकडा बाहेर 35 अंश तापमान धरून काढलेला असतो. सांगलीत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्यातला साधारण दहावा हिस्सा गळतो आणि हाती तीन हजारांच्या आसपास उरतात. म्हणजे शिल्लक सातशेची.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. खोलीतली हवा गार करणे हे काम क्षुल्लक असून ते काही मिनिटांत होते. वेळ लागतो तो दिवसभर तापलेल्या वस्तुमानाला निववायला. दहा बाय बारा फुटांचा पाच इंची स्लॅब सव्वातीन टन वजनाचा असतो, आणि त्याचे तापमान केवळ एका अंशाने उतरवायला त्या शिल्लक सातशे वॅटना तासाहून अधिक वेळ लागतो. भिंती, लाकडी कपाट आणि गादी हा हिशेब अजून निराळाच. दीड टनाच्या, लेबलवर 5,000 वॅट असलेल्या यंत्राची शिल्लक त्याच संध्याकाळी दोन हजारांच्या वर जाते, म्हणजे तेच काम सुमारे एक-तृतीयांश वेळात होते. थोरल्यांच्या खोलीला दीड टनच हवा होता. धाकट्यांना, खरे सांगायचे तर, पाऊण टनही भरपूर झाला असता.

थोरल्यांनी यंत्र बदलले नाही. आधी गच्चीवर पांढऱ्या उष्णतारोधक रंगाचे दोन हात दिले आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरच्या बाजूने बांबूचा चिक बांधला. ऊन काचेतून आत आल्यावर जाड पडद्याने अडवणे आणि काचेवर पडण्यापूर्वीच अडवणे यांत मोठा फरक आहे. पडद्याने अडवलेली बरीचशी उष्णता खोलीतच राहते. मे महिन्यात त्यांची खोली रात्री दहापर्यंत 26 वर येऊ लागली. मी स्वतः नेहमी याच क्रमाने जातो: आधी गच्ची, मग खिडकी आणि शेवटी टन. लोकांना हा क्रम उलटा हवा असतो, कारण यंत्र दोन दिवसांत घरी येते आणि गच्ची रंगवायला कोरडे दिवस व गवंड्याची मनधरणी लागते. भाड्याच्या घरात गच्चीला हात लावता येत नसेल, तर मात्र वरच्या मजल्याच्या पश्चिमाभिमुख खोलीला मी तक्त्यापेक्षा अर्धा टन जास्तच सांगतो.

दुसरी लाडकी चूक नेमकी उलट्या दिशेची आहे. ‘मोठाच घेऊन टाकू, लवकर गार होईल’ असे म्हणणारे गिऱ्हाईक दुकानदाराला फार आवडते. साताऱ्यात, जिथे रात्री सांगलीपेक्षा सौम्य असतात, मधल्या मजल्यावरच्या सावलीतल्या बेडरूमला दीड टनाचा ठरावीक वेगाचा एसी बसवलेला मी पाहिला आहे. कॉम्प्रेसर चार-पाच मिनिटे चालून बंद पडे, पंखा मात्र चालूच राही. हवेतली आर्द्रता निघते ती कॉइल बराच वेळ सलग थंड राहिली तर. इथे कॉइलवर जमलेले पाणी थेंब बनून बाहेर जाण्यापूर्वीच पुन्हा वाफ होऊन खोलीत येत असे. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्या खोलीत आकडा 24 दाखवत असे, अंगाला मात्र चिकट गारठा जाणवे, उशा दमट लागत आणि घरातल्या मंडळींनी त्यावर उपाय म्हणून तापमान 20 वर आणून ठेवले होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: निचऱ्याच्या नळीतून दमट दिवसातही पाणी तुटक पडत असेल आणि कॉम्प्रेसर घटकाभरात अनेकदा चालू-बंद होत असेल, तर यंत्र खोलीपेक्षा मोठे आहे. इन्व्हर्टर यंत्र आपला वेग कमी करू शकते, म्हणून त्यात हा दोष सौम्य होतो. पण वेग उतरवण्यालाही खालची मर्यादा असते, आणि 700 वॅटच्या खोलीत दीड टनाचे इन्व्हर्टरही त्या मर्यादेवर घुटमळत चालू-बंद होऊ लागते.

छताच्या उंचीबद्दल लोक एकतर काहीच विचार करत नाहीत किंवा अकारण घाबरतात. दहा फुटांपर्यंत मी काहीही वाढवत नाही. जुन्या वाड्यातल्या बारा फुटी खोलीसाठी भाराच्या बेरजेत दहावा हिस्सा वाढवतो. तोही वरच्या हवेसाठी नव्हे, तर उन्हाकडच्या भिंतीचे क्षेत्रफळ वाढते म्हणून. उंच खोलीला फॉल्स सिलिंग केले आणि स्लॅब व सिलिंग यांच्यामध्ये उष्णतारोधक थर घातला, तर भार खरोखर उतरतो. नुसता पीओपीचा पत्रा लावला तर थोडाच. पत्र्याच्या छपराखाली, आतून काहीही अस्तर नसताना, किती टन लावावा असे मला विचारू नये. आधी अस्तर लावावे.

बाकीच्या चुका थोडक्यात. बेडरूमला लागून असलेला ड्रेसिंगचा भाग दाराविना उघडा असेल, तर तोही क्षेत्रफळात धरावा. शेजाऱ्याच्या घरात एक टन पुरतो, हा पुरावा नव्हे. त्याच्या डोक्यावर कोण राहते ते पाहावे. रिमोटवर 18 लावल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र तेवढ्याच जोरात फक्त जास्त वेळ चालते. आणि आउटडोअर युनिट पश्चिमेच्या बंदिस्त बाल्कनीत, कपडे वाळत घालण्याच्या दोरीमागे ठेवू नये, कारण तिथे ते आपलीच गरम हवा पुन्हा ओढते आणि दीड टनासाठी मोजलेल्या पैशांत जेमतेम सव्वा टनाचे काम पदरात पडते.