नोटीस बोर्डाचं पान वेंडरला कसं समजावलं

आमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर नोटिसा अपलोडच्या क्रमाने लागायच्या. त्यामुळे वार्षिक सभेची नोटीस टाकी सफाई, लिफ्ट बंद अशा सूचनांखाली दबून जायची. उपविधीनुसार ती पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते, आणि तेवढे दिवस ती वरच दिसायला हवी.

म्हणून सेक्रेटरी या नात्याने वेंडरला पत्र दिलं, त्यात नमुना नोटीस भरूनच मांडणी दाखवली:

“सर्वांत वरचा कप्पा फक्त सभांसाठी. उदा. विषय: वार्षिक सर्वसाधारण सभा, प्रसिद्धी 5 सप्टेंबर, सभा 21 सप्टेंबर, सकाळी 10, खाली विषयपत्रिका. सभा होईपर्यंत ही नोटीस जागेवरून हलू नये. त्याखाली रोजच्या सूचना. प्रत्येकीला ‘कधीपर्यंत’ ही तारीख असावी. ती उलटली की सूचना ‘जुन्या नोटिसा’मध्ये आपोआप जावी, पुसली जाऊ नये. थकबाकीची माहिती लॉगिन केल्यावरच दिसावी. मजकूर युनिकोड मराठीत टाइप केलेला, सही-शिक्क्याची पीडीएफ सोबत.”

शेवटच्या ओळीवर मी अडून बसलो. स्कॅन केलेलं पान मोबाइलवर बोटांनी मोठं करत वाचावं लागतं, ज्येष्ठांचे फार हाल होतात. शिवाय त्यातला शब्द शोधता येत नाही.

तयार झालेलं काम ताब्यात घेताना एका दिवसाच्या मुदतीची चाचणी सूचना टाकली. दुसऱ्या दिवशी ती जुन्यांत गेली, सभेची नोटीस वरच राहिली. मगच उरलेलं बिल दिलं. गेटजवळचा फलक आणि घरोघरी नोटीस पोचवणं चालूच आहे.