पितळी भांड्यांचा कॅटलॉग : सप्लायरला पत्र टाकायच्या आधी

कॅटलॉगसाठी सप्लायरकडून राहिलेले फोटो आणि माहिती पत्राने मागायची असेल, तर सगळ्यात पहिलं काम म्हणजे आपलाच इनबॉक्स आणि व्हॉट्सअ‍ॅप नीट चाळा, कारण मागच्या दिवाळीच्या कॅटलॉगच्या वेळी मी एका सप्लायरकडे समईची मापं मागितली आणि ती त्यांनी महिनाभर आधीच पाठवलेली निघाली, फार ओशाळल्यासारखं झालं. मग एका वहीत त्यांचे आयटम कोडप्रमाणे मांडा आणि कशाचं काय राहिलंय ते लिहा. समजा १४ आयटम आहेत, ९ पूर्ण आहेत, ५ अर्धवट. पत्रात फक्त ते ५ च यायला हवेत. "सगळे फोटो परत पाठवा" असं लिहिलं की समोरचा माणूस काहीच पाठवत नाही.

फोटोचं आधी गणित करून घ्या. छापायला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे १० सेंटीमीटर रुंद फोटोसाठी साधारण १,२०० पिक्सेल. त्यांचा फोटो ६४० पिक्सेलचा असेल तर तो साडेपाच सेंटीमीटरपर्यंतच धड दिसणार, आणि डिझायनरने ताणून मोठा केला तरी नक्षी काही परत येत नाही. पण "फोटो क्लिअर नाहीत" एवढंच लिहून उपयोग नाही, बऱ्याचदा मूळ फोटो छान असतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकल्यामुळे दबलेला असतो, तेव्हा "तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने मूळ साइजमध्ये पाठवता का" असं विचारा, निम्मं काम तिथेच होतं. नवीन काढायचाच असेल तर खिडकीजवळ, मागे पांढरा कागद, फ्लॅश बंद, आणि झूम न करता, एवढं सांगा. पितळ आरशासारखं असतं, त्यात फोटो काढणाऱ्याचा शर्टसुद्धा दिसतो, म्हणून आपल्याला आवडलेला एक नमुना फोटो सोबत जोडा.

मापांत खरी गंमत आहे. "पातेलं, २० सेंमी, उंची १२, पाच लिटर" असं एका यादीत आलं होतं. २० व्यास आणि १२ उंची म्हणजे त्रिज्या १०, तिचा वर्ग १००, गुणिले ३.१४, गुणिले १२, साधारण ३,७७० मिली, म्हणजे पावणेचार लिटर! पाच लिटर बसायला तेवढ्याच उंचीला आतून २३ सेंटीमीटर लागतील. म्हणजे एकतर २० हे तळाचं माप आहे आणि भांडं पोटाला फुगीर आहे, नाहीतर लिटर अंदाजे लिहिलेत. असं दिसलं की "चुकलंय" लिहू नका, "२० हे तोंडाचं आतलं माप समजू की तळाचं?" असं विचारा, त्यांनाही उत्तर द्यायला सोपं जातं. समईला उंची वरच्या मोरासकट की मोर सोडून, हे विचारल्याशिवाय ती उंची छापू नका, गिऱ्हाईक देवघराच्या फळीची उंची मोजून ऑर्डर करतं. सगळं सेंटीमीटरमध्येच मागा, आणि वजन ग्रॅममध्ये.

वजन यासाठी की मटेरियलच्या रकान्यात नुसतं "ब्रास फिनिश" असतं. ते भरीव पितळ आहे, लोखंडावर मुलामा आहे की अ‍ॅल्युमिनियमवर? लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड, पण नाही चिकटला म्हणून पितळच असं नाही, अ‍ॅल्युमिनियमलाही तो चिकटत नाही, मात्र पितळ त्याच्या तिप्पट जड असतं, तेव्हा वजन बरंच सांगून जातं. स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कल्हई आहे का, हे वेगळं विचारा, कारण कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा चिंचेचं सार कळकतं आणि तक्रार आपल्याकडे येते. शोभेच्या वस्तूवर लॅकरचा पारदर्शक थर आहे का तेही विचारा, म्हणजे चिंचेने घासायचं की नाही ते छापता येईल.

आता पत्र. विषयात कोड आणि तारीख घाला. सुरुवात अशी: "नमस्कार काका, तुमचे १४ आयटम कॅटलॉगमध्ये घेतोय, ९ ची माहिती एकदम पूर्ण आहे, त्याबद्दल आभार. खालच्या ५ चं थोडं राहिलंय, सोबतच्या तक्त्यात रिकामे रकाने पिवळे केलेत, तेवढेच भरून द्याल का?" माहीत असलेलं सगळं आपणच भरून ठेवा. प्रेसला फाइल २० तारखेला जाणार असेल तर त्यांना १५ सांगा, आणि कारणही सांगा. फोटो जमत नसेल तर एकेक पीस पाठवा, आम्ही काढून परत करू, कुरिअर आमच्याकडून, असा पर्याय द्या, आमच्याकडे तीन जणांनी तोच घेतला.

तीन दिवसांनी फोन करा, आणि फोनवर जे माप सांगतील ते त्याच दिवशी मेलवर "असं लिहून घेतलंय, बरोबर ना?" म्हणून टाका, "पंधरा" आणि "पंचवीस" फोनवर सारखंच ऐकू येतं.