दहा-पाचवर अडकलेलं बायपॅप

मेडिसिनच्या रेसिडेन्सीचा माझा तिसरा महिना होता. जानेवारीची रात्र, बाहेर ग्वाल्हेरचं ते दाट धुकं. दोनच्या सुमाराला शहरातल्या लष्कर भागातून एक मराठी काका आले, सोबत काकू आणि मुलगा. वय ६८, चाळीस वर्षं विडी, आणि चार दिवसांपासून बंद खोलीत सिगडी पेटवून बसलेले. अँब्युलन्समध्ये मास्कनं ६ लिटर ऑक्सिजन चालू होता आणि सॅचुरेशन ९८. मुलगा म्हणाला, "ऑक्सिजन चांगला आहे, पण बाबा बोलायचेच थांबलेत."

तेच लक्षण महत्त्वाचं होतं. एबीजीत, म्हणजे धमनीच्या रक्ताच्या तपासणीत, पीएच ७.२४, कार्बन डायऑक्साइड ७८, बायकार्बोनेट ३२. बायकार्बोनेट इतकं वाढलेलं म्हणजे कार्बन डायऑक्साइड बऱ्याच दिवसांपासून साठतोय, आज तो हाताबाहेर गेलाय. त्यात जास्तीच्या ऑक्सिजननं भर घातली होती. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार; त्याच्या पेशंटचं सॅचुरेशन ८८ ते ९२ ठेवायचं असतं. ९८ हा आकडा दिसला की ऑक्सिजन कमी करायचा, खूश व्हायचं नाही. मी ऑक्सिजन कमी केला, साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमचं नेब्युलायझेशन दिलं, स्टेरॉइड दिलं, कफ पिवळा-हिरवा होता म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं. छातीचा एक्स-रे पाहिला, न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर साठलेली हवा, नव्हता. मग बायपॅप लावलं, म्हणजे मास्कमधून दोन दाबांनी हवा देणारं मशीन: श्वास आत घेतानाचा दाब, आयपॅप, १०; सोडतानाचा, ईपॅप, ५. आमच्याकडे सगळे तिथूनच सुरुवात करायचे.

एका तासानं पीएच ७.२३ आणि कार्बन डायऑक्साइड ८१. मशीन चालू होतं, अलार्म नव्हता, आणि काका जास्तच झोपाळले होते. हे लिहायला बसले ते त्या एका तासासाठी. नव्यानं वॉर्डात येणाऱ्यांकडून हाच तास वाया जाताना मी अजूनही बघते.

दहा-पाच म्हणजे प्रत्येक श्वासाला मदत फक्त ५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाची, कारण मदत म्हणजे आयपॅप वजा ईपॅप. स्क्रीनवर काकांचा एकेक श्वास साधारण २४० मिलिलिटरचा दिसत होता, मिनिटाला ३४ वेळा. गुणाकार केला तर आकडा मोठा वाटतो. पण प्रत्येक श्वासातले दीडशेच्या आसपास मिलिलिटर घसा आणि श्वासनलिकांमध्येच येऊन-जाऊन संपतात, आणि सीओपीडीत निकामी फुप्फुसामुळे ही वाया जाणारी हवा आणखी वाढते. कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला उरतं ते अगदी थोडं. म्हणून उथळ श्वास कितीही भरभर घेतले तरी तो उतरत नाही. श्वास खोल व्हावा लागतो, आणि तो खोल करतो आयपॅप.

माझे सिनिअर सर आले तेव्हा त्यांनी मशीनकडे पाहिलंच नाही. एक हात काकांच्या छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं मास्कच्या कडेनं फिरवली. "हवा सगळी डोळ्यांत चाललीये. छातीत काय जाणार?" मग काकूंना विचारलं, "काकू, ह्यांची कवळी कुठाय?" काकूंनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. अँब्युलन्समध्ये घालताना कुणीतरी कवळी काढून ठेवायला सांगितली होती.

दात नसले की गाल आत जातात, आणि मास्कची कड कितीही दाबली तरी गालांपाशी फट राहते. मी काय केलं होतं? स्ट्रॅप आणखी आवळले होते. त्यानं कडेची गादी चपटी होते, फट वाढते, आणि नाकाच्या दांडीवर जखम होते ती वेगळीच. सरांनी काकांना हलवून जागं केलं. हाक मारल्यावर ते डोळे उघडत होते, खोकत होते, उलटी नव्हती. एवढी शुद्ध असेल आणि जवळ सतत माणूस असेल तर कवळी ठेवायला हरकत नाही, म्हणून ती परत बसवली; सैल कवळी किंवा बेशुद्ध माणूस असेल तर मात्र ती काढायचीच.

मास्कही बदलला. मी मोठा घेतला होता, चेहरा मोठा दिसला म्हणून. पाकिटावरचा मापाचा कागद चेहऱ्याला लावून बघायचा असतो: वरची कड नाकाच्या दांडीवर, खालची कड खालच्या ओठाच्या थोडी खाली, बाजू ओठांच्या कोपऱ्यांबाहेर, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना धक्का नको. दोन मापांच्या मधलं आलं तर लहान घ्यायचं. अशा वेळी नाक-तोंड दोन्ही झाकणाराच मास्क लागतो, कारण दम लागलेला माणूस तोंडानं श्वास घेतो आणि नुसत्या नाकाच्या मास्कमधली हवा तोंडावाटे निघून जाते.

लावताना आधी स्ट्रॅप नको. सरांनी मशीन कमी दाबावर चालू ठेवून मास्क हातानं काकांच्या चेहऱ्यावर नुसता धरला, आणि काकांचा हात त्यावर ठेवला. "काका, हवा जोरात येईल, तिच्याशी भांडू नका, येऊ द्या." दोन-तीन मिनिटं गेली. मग स्ट्रॅप, दोन्ही बाजूंचे एकदम, इतके सैल की खाली दोन बोटं सरकतील. नाकाच्या दांडीवर आधीच हायड्रोकोलॉइडची पट्टी. आमच्या मशीनवर एकूण लीक दिसतो, म्हणजे मास्कच्या मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून जाणारी हवाही त्यात धरलेली असते. तो मिनिटाला ८५ लिटरवरून ४२ वर आला. तुमचं मशीन एकूण लीक दाखवतं की नको असलेला तेवढाच, हे एकदा माहीत करून घ्या. नाहीतर आकडा वाचून उपयोग नाही. लीक मोठा असेल तर स्क्रीनवरच्या श्वासाच्या आकड्यावरही विश्वास ठेवता येत नाही.

लीक आटोक्यात आल्यावरच दाब. आयपॅप १३ केला, मग १६, मग २०, दर पाच-सात मिनिटांनी एक पायरी, प्रत्येक वेळी छातीवर हात. १६ ला छाती उचलायला लागली, श्वास ३४० मिलिलिटर. २० ला साधारण ४२० आणि गती २८. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सुरुवातच १५ वर आहे, पीएच ७.२५ च्या खाली असेल तर २० वर, ईपॅप ३, आणि १० ते ३० मिनिटांत २० ते ३० पर्यंत चढायचं. मला स्वतःला घाबरलेल्या पेशंटला पहिली पाच मिनिटं १० वर ठेवणं पटतं, त्यानं तो मास्क ओढून काढत नाही. पण पाचच मिनिटं. दहा ही पायरी आहे, मुक्काम नव्हे.

इतकं करूनही एक गोष्ट अडत होती. सरांनी मला काकांच्या पोटावर हात ठेवून मोजायला सांगितलं. पोट मिनिटाला २८ वेळा जोर करत होतं, मशीन २० वेळाच हवा देत होतं. आठ श्वास फुकट. सीओपीडीत आधीचा श्वास पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा सुरू होतो, आत हवा कोंडून दाब राहतो. तो दाब ओलांडल्याशिवाय मशीनला पेशंटचा प्रयत्न कळतच नाही. बाहेरून ईपॅप थोडा वाढवला की ही चढण कमी होते. ईपॅप ५ वरून ७ केला, आणि त्याबरोबर आयपॅप २० वरून २२. हे विसरू नका: नुसता ईपॅप वाढवला तर मधलं अंतर कमी होऊन मदतच घटते. पाच मिनिटांत पोट आणि मशीन दोन्ही २५ वर जुळले. ईपॅप ८ च्या वर न्यायचा असेल तर मात्र आधी सिनिअरला बोलवा, कारण जास्त ईपॅपनं कोंडलेली हवा वाढूही शकते.

उलट दिशेची गडबडही होते. लीक असला तर श्वास संपल्याचं मशीनला कळत नाही आणि ते हवा ढकलतच राहतं. पेशंट श्वास सोडायला झगडतो. तेव्हा आधी लीक बघा, आणि आत घेण्याची जास्तीत जास्त वेळ एक सेकंदाच्या आसपास बांधून टाका.

ऑक्सिजन नळीतून २ लिटर, सॅचुरेशन ९०. ह्या बदलांनंतर तासाभरानं पीएच ७.२९, कार्बन डायऑक्साइड ६८. चार तासांनी ७.३४ आणि ६०. सकाळी काकांनी मास्क थोडा उचलून विचारलं, "चहा मिळेल का ग बाळा?" पहिल्या चोवीस तासांत मास्क जितका जास्त वेळ राहील तितकं बरं, मध्ये चहा, औषधं आणि नेब्युलायझेशनपुरती सुट्टी. त्या चहाला आम्ही दहा मिनिटं दिली.

सुधारत नसलेल्या दुसऱ्या एका पेशंटबाबत कारण वेगळंच निघालं होतं, तेही सांगते. रात्री मी आयसीयूच्या कपाटातून मास्क आणला. तो दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरचा होता, त्याला हवा बाहेर पडायची भोकं नव्हती. आमच्या एका नळीच्या मशीनला तो जोडल्यावर, नळीतही भोक नसल्यामुळे, पेशंट आपलीच सोडलेली हवा परत घेत होता. दाब वाढवून उपयोग होईना. सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. अशा बऱ्याच मास्कची कोपर निळी असते, पण रंगावर विसंबू नका. मशीन चालू करून तळहात धरा: मास्कवर किंवा नळीवर कुठेतरी हवेची धार सतत लागलीच पाहिजे. आणि सूचनांमध्ये ईपॅप ३ असला तरी एका नळीच्या मशीनवर तो ४ च्या खाली नेऊ नका, नाहीतर त्या भोकांतून कार्बन डायऑक्साइड नीट धुतला जात नाही.

आता थांबायचं कुठे. दाब पुरेसा, लीक नाही, पोट आणि मशीन जुळलेलं, ऑक्सिजन बरोबर, आणि तरी एक-दोन तासांत पीएच खाली चालला असेल, शुद्ध हरपत असेल, उलट्या होत असतील, तर दाबाशी खेळत बसू नका. नवा न्यूमोथोरॅक्स झाला नाही ना हे बघा आणि घशात नळी घालायची तयारी करा. हा निर्णय मास्क लावण्याआधीच झालेला असावा. सरांनी काकू आणि मुलाला बाहेर बाकावर बसवून त्या पहाटेच विचारलं होतं: हे जमलं नाही तर घशात नळी घालून मोठ्या मशीनवर ठेवायचं का, काकांनी कधी याबद्दल काही म्हटलंय का. मुलगा गप्प बसला, काकू म्हणाल्या, "एकदा प्रयत्न करा." केस पेपरवर तसं लिहिलं गेलं.

तिसऱ्या दिवशी मास्क फक्त रात्री, पाचव्या दिवशी बंद. घरी पाठवताना तीन आठवड्यांनी पुन्हा एबीजीला बोलावलं. बरं झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनीही कार्बन डायऑक्साइड ५३ च्या वर असेल तर घरी रात्रीच्या बायपॅपचा विचार करावा लागतो. काकांचा ४९ आला.

त्यांच्या पलंगाच्या पाटीवर सिस्टरनं पहिल्याच सकाळी चिठ्ठी डकवली होती: आयपॅप २२, ईपॅप ७, मध्यम मास्क, कवळी घालून.