खराब मोटर ड्रायव्हर बदलून मागताना पत्रात काय लिहावे

‘ड्रायव्हर चालत नाहीत, बदलून द्या’ एवढेच लिहिले की पुरवठादाराचे उत्तर ठरलेले: ‘वीज चालू असताना मोटरची वायर काढली असणार.’ ए४९८८ सारखा स्टेपर ड्रायव्हर त्याने खरोखरच जळतो, त्यामुळे हा आक्षेप अगदीच खोटा नसतो. म्हणून माल आल्यावर वीज देण्याआधीच तपासा. मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवा, लाल प्रोब ग्राउंडला लावा आणि काळी प्रोब मोटरच्या चारही पिनांवर एकेक करून टेकवा. चांगल्या नगात चारही ठिकाणी साधारण ०.५ व्होल्ट दिसतो. शून्याजवळ आकडा आला तर आतला मॉस्फेट शॉर्ट आहे. प्रत्येक नगावर क्रमांक चिकटवा आणि आकड्यासह फोटो घ्या.

पत्राचा गाभा असा ठेवा:

‘आपल्या बिल क्र. … दि. … नुसार आलेल्या ५० नगांपैकी ६ नग वीज देण्यापूर्वीच्या तपासणीत शॉर्ट आढळले. नगवार आकडे, फोटो आणि त्याच खेपेतील चांगल्या नगाचे आकडे सोबत आहेत. कृपया त्यांच्या बदली ६ नग दि. … पर्यंत आमच्याकडे पोहोचतील असे पाठवावेत. न जमल्यास त्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी. खराब नग आपल्या तपासणीसाठी राखून ठेवले आहेत.’

‘लवकरात लवकर’ लिहू नका, तारीखच लिहा. तीही माल रवाना होण्याची नव्हे, हातात पडण्याची. खराब नग परत पाठवायचे असतील तर डिलिव्हरी चलनावर सही-शिक्का घ्या, आणि एक नग मात्र जवळ ठेवा.